बारा रेझिस्टरांचा ठोकळा आणि मीटरवरचे ९००

अकरावीतल्या भाचीने सुट्टीत एक उद्योग काढला. बारा रेझिस्टर आणले, प्रत्येक १००० ओहमचा (तपकिरी, काळा, लाल पट्टे आणि शेवटी सोनेरी), आणि ते सोल्डर करून एक ठोकळा बनवला. प्रत्येक कडेवर एक रेझिस्टर, आठ कोपऱ्यांत आठ जोड. पुस्तकात हे गणित होतेच: समोरासमोरच्या दोन टोकाच्या कोपऱ्यांमध्ये रोध किती? तिला ते मल्टिमीटरवर पाहायचे होते.

उत्तर काढायला समीकरणांचा डोंगर लागत नाही. ठोकळा त्या दोन कोपऱ्यांवर बोटांच्या चिमटीत धरा आणि एक तृतीयांश फेरा फिरवा. तो अगदी पूर्वीसारखाच दिसतो. म्हणजे पहिल्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडांमध्ये डावे-उजवे करायला विजेकडे काही कारणच नाही. समजा ६ मिलिअँपिअर करंट आत सोडला, तर तिन्ही कडांतून २-२ जाणार. पुढे प्रत्येक कडेला दोन फाटे फुटतात आणि तेही एकसारखेच, म्हणून मधल्या सहा कडांतून १-१. शेवटी दोन-दोन प्रवाह एकत्र येऊन उरलेल्या तीन कडांतून पुन्हा २-२ बाहेर पडतात.

आता कुठल्याही एका वाटेने चालत जा. प्रत्येक कड १००० ओहमची, त्यामुळे व्होल्टेज आधी २ व्होल्ट उतरते, मग १, मग २. एकूण ५ व्होल्ट. त्याला ६ मिलिअँपिअरने भागले की ८३३ ओहम. झाले गणित.

पण मीटर दाखवत होता ९०० च्या आसपास.

"मामा, रेझिस्टर स्वस्तातले आहेत म्हणून असेल का?" तिने विचारले. प्रश्न योग्य होता. सोनेरी पट्टा म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. पण बाराच्या बारा रेझिस्टर ५ टक्के जास्त निघाले, तरी आकडा ८७५ च्या वर जात नाही. ९०० चे कारण दुसरेच असणार.

एखादा जोड सुटला असेल तर? अशा वेळी ठोकळा फिरवण्याची युक्ती चालत नाही, कारण तो आता फिरवल्यावर सारखा दिसत नाही. हिशेब थोडा लांबतो, पण उत्तरे बोलकी येतात. मीटरची टोके टेकवलेल्या कोपऱ्याला लागून असलेली एखादी कड तुटली असेल, तर रोध चक्क ११०० होतो. मधल्या सहांपैकी एक तुटली असेल तर ९००. म्हणजे मीटरने गुन्हेगार कुठल्या सहांत आहे तेही सांगितले होते.

सहांतला नेमका कोणता? त्यासाठी एकाच कडेच्या दोन टोकांवर मीटर लावायचा. इथे १००० दिसेल असे वाटते, आणि इथेच बहुतेकजण फसतात, कारण करंटला उरलेल्या ठोकळ्यातूनही वाट असते. ती वाट किती ओहमची, हे पुन्हा सारखेपणानेच कळते. कडेच्या एका टोकाचे उरलेले दोन शेजारी एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब आहेत, म्हणून त्यांचे व्होल्टेज सारखे. सारख्या व्होल्टेजचे कोपरे एकत्र जोडले तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या टोकाचेही तसेच. तिथपर्यंत जायला ५०० आणि तिकडून यायला ५००. मध्ये दोन वाटा: जवळची ५०० ची, लांबची २००० ची, दोन्ही मिळून ४००. एकूण १४००. त्याला समांतर ती कड स्वतः १००० ची, म्हणून चांगल्या ठोकळ्यात कुठल्याही कडेवर ५८३ दिसायला हवे.

आणि कड तुटलेली असेल, तर तिथे उरतात फक्त ते १४००. ठोकळ्यात एकच कड तुटलेली असेल तर इतर कडाही ५८३ पेक्षा थोड्या वर जातात, पण ६९० च्या आसपासच थांबतात. म्हणजे गोंधळ व्हायला जागा नाही.

भाचीने मधल्या सहा कडा एकेक करून मोजल्या. पहिल्या तीन ठीक. चौथीवर मीटरने १४०० च्या जवळचा आकडा दाखवला. डोळ्यांना तो जोड उत्तम दिसत होता, पण नखाने हलवला तर तार सोल्डरच्या गोळ्यात सैल फिरत होती. याला दुरुस्तीवाले ड्राय सोल्डर म्हणतात: तार पुरेशी तापलेली नसते, त्यामुळे कथील तिला चिकटत नाही, नुसते भोवती बसते.

तिने तार घासून स्वच्छ केली, इस्त्री आधी तारेला टेकवली, मग कथील लावले. टोकाच्या कोपऱ्यांवर मीटर पुन्हा ठेवला. ८३६.