पाठ फळ्याकडे असताना

वर्गातली मारामारी बहुतेक वेळा शिक्षकांची पाठ वळलेली असतानाच सुरू होते. फळ्यावर उदाहरण लिहिणं चालू असतं, मागे बाक सरकल्याचा आवाज येतो आणि वळून पाहावं तर दोन मुलं एकमेकांना भिडलेली असतात. ‘सुरुवात कोणी केली?’ या प्रश्नाचं उत्तर पुढे मुख्याध्यापकांना हवं असतं, दोन्ही पालकांना हवं असतं, आणि नेमकं तेच शिक्षकांनी पाहिलेलं नसतं. तरीही संध्याकाळी जो अहवाल लिहिला जातो त्यात ते उत्तर हमखास सापडतं. घटना अहवाल बिघडतो तो इथे. न पाहिलेली ती चार-सहा सेकंदं लिहिणाऱ्याचं मन स्वतःहून भरून काढतं, आणि ती भरताना हाताशी असतं ते त्या दोन मुलांबद्दलचं आधीचं मत.

एक कल्पित प्रसंग घेऊ. सातवीचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरची गणिताची तासिका. दोन मुलांना ओंकार आणि निखिल म्हणू. मारामारी झाली, निखिलच्या नाकातून रक्त आलं, बाईंनी दोघांना सोडवलं. शाळा सुटल्यावर त्यांनी लिहिलं:

‘आज पाचव्या तासाला ओंकारने निखिलवर विनाकारण हल्ला करून त्यास गंभीर जखमी केले. ओंकार हा मुळातच रागीट व भांडखोर असून त्याच्या घरचे वातावरणही ठीक नाही. निखिल शांत व अभ्यासू विद्यार्थी आहे. सर्व विद्यार्थ्यांनी ओंकारचीच चूक असल्याचे सांगितले. विचारणा केली असता ओंकारने उर्मटपणा केला. त्यास योग्य ती समज देण्यात आली.’

असे अहवाल मनात खोट घेऊन लिहिलेले नसतात. दमलेल्या, घाबरलेल्या, मुलाच्या रक्ताने हादरलेल्या माणसाने ते लिहिलेले असतात. पण यातल्या एकेका शब्दापाशी थांबून ‘हे मला कसं कळलं?’ असं विचारलं, तर फार थोडं शिल्लक उरतं. ‘विनाकारण’ म्हणायचं तर कारण नव्हतं हे माहीत हवं. बाईंना सुरुवातच दिसलेली नाही. ‘हल्ला’ या शब्दात मारणारा एक आणि मार खाणारा एक असा निकाल आधीच लागलेला असतो. ‘गंभीर’ हे डॉक्टरांनी ठरवायचं. ‘सर्व विद्यार्थी’ म्हणजे पूर्ण वर्ग, आणि प्रत्यक्षात बोलले असतील पुढच्या बाकावरचे तिघं. ‘उर्मटपणा’ म्हणजे मुलाने नेमकं काय केलं? तो खाली पाहत राहिला आणि दोनदा विचारूनही बोलला नाही, एवढंच घडलं असेल तर तेच लिहायला हवं. मग वाचणाऱ्याला तो मुलगा उर्मट वाटेल, घाबरलेला वाटेल किंवा लाजलेला. ते वाचणाऱ्यावर सोडावं.

शेवटचं वाक्य तर खुद्द शिक्षकांनाच अडचणीत आणणारं आहे. ‘समज देण्यात आली’ यात कोणी, कुठे, काय केलं याचा पत्ताच नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई आहे. उद्या पालकांनी ‘समज म्हणजे काय केलंत?’ असं विचारलं तर हे वाक्य बाईंच्या बाजूने काहीच बोलत नाही. दोन्ही दंड धरून मुलाला बाजूला ओढलं असेल तर तसंच लिहावं. लिहिलेला स्पर्श सोडवण्यासाठी होता हे वाचणाऱ्याला कळतं. न लिहिलेल्या स्पर्शाबद्दल मात्र नंतर तर्क सुरू होतात.

आता तीच घटना, पण डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढीच:

‘पाचवी तासिका. मी फळ्यावर उदाहरण लिहीत होते, माझी पाठ वर्गाकडे होती. अंदाजे १ वाजून १० मिनिटांनी बाक सरकल्याचा मोठा आवाज आला व “सोड, सोड” असे शब्द ऐकू आले. ते कोणाचे होते हे ओळखता आले नाही. मी वळले तेव्हा ओंकार व निखिल खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या व चौथ्या बाकाच्या मध्ये उभे होते. ओंकारच्या डाव्या हातात निखिलच्या शर्टाची कॉलर होती. ओंकारने उजव्या मुठीने निखिलच्या तोंडावर एकदा मारलेले मी पाहिले. निखिलने दोन्ही हातांनी ओंकारला ढकलले, त्याची पाठ मागच्या बाकाच्या कडेवर आपटली. त्याआधी काय घडले ते मी पाहिलेले नाही. मी ओंकारचे दोन्ही दंड मागून धरून त्याला बाजूला केले. निखिलच्या उजव्या नाकपुडीतून रक्त येत होते. ओंकारच्या डाव्या मनगटावर दोन लाल ओरखडे दिसले. ते केव्हाचे आहेत हे मला माहीत नाही.’

दुसरा अहवाल लांबला आहे, कारण त्यात माहिती आहे. ‘त्याआधी काय घडले ते मी पाहिलेले नाही’ हे वाक्य लिहायला अनेक शिक्षक कचरतात. आपण वर्गावर लक्ष ठेवलं नाही अशी ती कबुली वाटते. पण फळ्यावर लिहिताना पाठ वळणारच, आणि या वाक्यामुळेच बाकीच्या प्रत्येक वाक्याला वजन येतं. काय दिसलं नाही हे जो सांगतो, त्याने ‘दिसलं’ म्हटलेलं खरं धरता येतं. शिवाय ओंकारच्या मनगटावरचे ओरखडे पाहा. पहिल्या अहवालात ते नव्हतेच. रक्त दिसलं की नजर तिथेच खिळते, आणि मारणारा कोण हे मनात ठरलं की त्याच्या अंगावरच्या खुणा कोणी शोधत नाही. म्हणून दोन्ही मुलांना सारखंच नीट पाहावं, आणि एकाला काही लागलेलं नसेल तर ‘दिसण्यासारखी इजा नाही’ हेही लिहावं.

पुढचे उपचारही असेच नोंदवावेत: निखिलला बसवून पुढे वाकायला सांगितलं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला, सुमारे १० मिनिटांत रक्त थांबलं, दोघांच्या घरी किती वाजता फोन केला, कोणी उचलला, काय सांगितलं.

मग मुलांचं म्हणणं. इथे प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांचे सहकारी जॉन पामर यांनी १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना मोटारींच्या टकरीची छोटी फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना त्याच प्रश्नात ‘चेचल्या’ अशा अर्थाचं क्रियापद घातलं. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण ‘हो’ म्हणाले, जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण. ही मोठी माणसं होती आणि विचारणाऱ्याची त्यांना भीती नव्हती. बारा वर्षांच्या मुलाला बाईंनी ‘ओंकारनेच पहिल्यांदा मारलं ना?’ असं विचारलं तर तो काय म्हणेल, हे सांगायला नको. तेव्हा ‘काय झालं ते सांग’ एवढंच विचारावं आणि ‘मग?’ म्हणत ऐकत राहावं. प्रत्येकाला वेगळं बोलवावं, शक्यतो एकमेकांशी बोलणं होण्याआधी, आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत अवतरणात उतरवावं.

आपल्या प्रसंगात तीन मुलांनी असं सांगितलं समजा. ओंकार: ‘तो म्हणाला, तुझा बाप पिऊन रस्त्यात पडतो.’ निखिल: ‘मी काहीच बोललो नाही. त्याने माझी कंपास घेतली, मी मागितली.’ शेजारच्या बाकावरचा मुलगा: ‘निखिल त्याच्या वडिलांवरून काहीतरी बोलला, नीट ऐकू आलं नाही. कंपास मी बघितली नाही.’ तिन्ही म्हणणी जुळत नाहीत, आणि जुळवून घेणं हे अहवालाचं काम नाही. ती एकाखाली एक तशीच राहू द्यावीत.

या जबान्या आल्यावर पहिल्या अहवालातलं ‘घरचे वातावरणही ठीक नाही’ हे वाक्य पुन्हा वाचा. ओंकारचं म्हणणं खरं असेल, तर ज्या टोमण्यावरून तो भडकला तोच टोमणा बाईंनी शाळेच्या कागदावर, सभ्य भाषेत, पुन्हा मारला आहे. मला हे वाक्य त्या अहवालातलं सर्वांत वाईट वाटतं.

शब्द जसेच्या तसे लिहिताना शिवीपाशी हात अडखळतो. ‘अर्वाच्य शिवीगाळ केली’ असं लिहून आपण मोकळे होतो. पण त्यातून ती शिवी आईवरून होती, शरीराच्या व्यंगावरून होती की जातीवरून, हे कळत नाही, आणि शाळेने पुढे काय करायचं ते यावरच अवलंबून असतं. जातीवाचक शब्द उच्चारल्याचं कोणी म्हणत असेल तर तो शब्द, तो कोणी ऐकला आणि कोणी सांगितला, हे तंतोतंत लिहून मुख्याध्यापकांना लगेच कळवायला हवं. तो गुन्हा आहे की नाही हे शिक्षकांनी ठरवायचं नाही. पण शब्दच पुसट केला तर पुढे कोणालाच काही ठरवता येणार नाही.

शिक्षकांचं मत मग कुठे जातं? ते टाकून द्यायचं कारण नाही. रोज पाच-सहा तास मुलांमध्ये वावरणाऱ्या माणसाला बरंच कळतं. फक्त ते शेवटी, ‘माझे मत’ अशा वेगळ्या मथळ्याखाली आणि आधारासह यावं: ‘तिघांपैकी दोघांच्या सांगण्यात ओंकारच्या वडिलांचा उल्लेख आहे. त्यावरून भांडणाआधी काही बोलणे झाले असावे असे मला वाटते. खात्री नाही.’ आधीच्या भांडणाचा दाखला द्यायचा तर त्याची तारीख आणि नोंद हवी. ‘नेहमीच असा वागतो’ हा दाखला नव्हे.

अहवाल त्याच दिवशी लिहावा, आणि जमलं तर शिक्षकांच्या खोलीत चर्चा रंगण्याआधी, कारण इतरांनी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी आपणच पाहिल्यासारखं वाटू लागतं. हातानं लिहिताना चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करावी. पांढरी शाई लावली की खाली काय होतं याची शंका उरते. आणि दोन दिवसांनी एखादी मुलगी येऊन ‘बाई, कंपास मी पाहिली होती, ती निखिलच्याच दप्तरात होती’ असं म्हणाली, तर मूळ कागदाला हात लावू नये. नवी तारीख घालून, तिचे शब्द अवतरणात लिहून, खाली सही करून ती पुरवणी मूळ अहवालाला जोडावी.