आपल्यात कागद कायले?

वरोऱ्यातला एक तरुण मानवेल बांबूच्या खुर्च्या बनवतो, असं समजू. खुर्ची सुटी करून खोक्यात भरता येते आणि गिऱ्हाइकाला घरी खिळ्याविना जोडता येते. मोहर्लीकडच्या एका रिसॉर्टने साठ खुर्च्या मागितल्या आहेत. एवढा माल एकट्याने काढणं शक्य नाही, म्हणून नागपूरच्या एका फर्निचरवाल्याशी भागीदारीचं बोलणं सुरू आहे. ‘एकदा कारखाना पाहू द्या, हिशेब दाखवा, मग ठरवू,’ असं तो म्हणतो. माहिती दाखवण्याआधी गोपनीयतेचा करार, म्हणजे एनडीए, मागावा की नाही, हा प्रश्न इथे उभा राहतो. हा तरुण काल्पनिक आहे. त्याला मिळणारे सल्ले मात्र आपल्या भागात रोज ऐकू येतात, आणि त्यातले बरेचसे चुकीचे असतात.

पहिला सल्ला असतो, ‘सही घेतली की आयडिया आपली झाली.’

तसं होत नाही. बांबूची सुटी होणारी खुर्ची ही नुसती कल्पना आहे आणि कल्पनेवर कुणाचीच मालकी नसते. करार राखतो ती ठरावीक माहिती. ती माहिती बाहेर कुणाला ठाऊक नसावी लागते, ती विश्वासाने दिलेली असावी लागते आणि नेमकी कोणती ते बोट ठेवून दाखवता यावं लागतं. यातली शेवटची अट सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते.

मुंबई उच्च न्यायालयातली दोन प्रकरणं शेजारी ठेवली की हे कळतं. सनडायल कम्युनिकेशन्स या कंपनीने एका मालिकेची संकल्पना झी टेलिफिल्म्सला मांडून दाखवली होती. पुढे तशीच मालिका येते आहे असं दिसल्यावर सनडायल कोर्टात गेली. २००३ मध्ये खंडपीठाने मनाईहुकूम कायम ठेवला. विश्वासाने दिलेली माहिती परवानगीशिवाय वापरली, हा दावा कॉपीराइटहून वेगळा आणि स्वतंत्र आहे, हे या निकालातून ठळक झालं. दुसरं प्रकरण ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटाचं. आपली झोंबीकथा निर्मात्या कंपनीला आधी पाठवली होती, असं एका लेखकाचं म्हणणं होतं. २०२१ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मनाई नाकारली आणि चित्रपट २६ जानेवारी २०२२ला प्रदर्शित झाला. कोर्टाचा मुद्दा सरळ होता : गोपनीय काय होतं ते नेमकं सांगा. झोंबींवर सिनेमा काढण्याची कल्पना कुणीही करू शकतो. तिच्यात तुमचं असं काय होतं, ते दाखवता आलं पाहिजे.

आता आपल्या खुर्चीकडे येऊ. बोरिक आम्ल आणि बोरॅक्सच्या पाण्यात बांबू बुडवला की पोखरणारी कीड लागत नाही, हे बांबूकामाच्या प्रशिक्षणात शिकवतात. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला तर बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रच आहे. तेव्हा ते गुपित नव्हे. मानवेल कुठे मिळतो हेही गुपित नव्हे. पण कोणत्या जाडीचा बांबू किती तास बुडवायचा हे तरुणाने दोन पावसाळे खराब माल फेकून शोधलेलं कोष्टक, जोडाचं मापांसह रेखाचित्र, नगाचा खर्च आणि रिसॉर्टशी ठरलेला भाव, ही चार गुपितं आहेत. करारात ‘व्यवसायासंबंधी सर्व माहिती’ असं ढगळ लिहिण्याऐवजी मागे एक परिशिष्ट जोडावं आणि त्यात या चार कागदांची नावं, तारखा आणि पानं लिहावीत. वकील लोक ढगळ व्याख्या घालतात, ती राहू द्या. पण भांडण झालं की कामी येतं ते परिशिष्ट.

इथेच एक कटू गोष्ट सांगायला हवी. जोडाचा फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला किंवा प्रदर्शनाच्या स्टॉलवर लागला असेल, तर त्यात जेवढं दिसतं तेवढं गुपित संपलं. विकलेली खुर्ची उलगडून कुणी जोड समजून घेतला, तर तेही कोणत्याही करारात अडवता येत नाही. बाजारात गेल्यावर उघड होणारी गोष्ट करारावर सोडू नये. जोडाच्या रचनेत खरंच नवं काही असेल, तर पेटंटचा तात्पुरता अर्ज आधी करावा. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे आणि पूर्ण तपशिलाचा अर्ज द्यायला १२ महिने मिळतात. नुसतं रूप वेगळं असेल, तर डिझाइनची नोंदणी. दोन्ही गोष्टी माल लोकांपुढे येण्याआधी करायच्या.

दुसरा सल्ला : ‘स्टँप आणि नोटरी नसेल तर कागदाला काडीची किंमत नाही.’

नोटरी लागत नाही आणि नोंदणीही लागत नाही. दोन सज्ञान पक्षांनी राजीखुशीने मान्य केलेला करार ईमेलवरही होऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये तसं स्पष्ट आहे. स्टँप मात्र लावावा. महाराष्ट्रात अशा साध्या कराराचं शंभराचं शुल्क ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये झालं आहे. स्टँप नसला म्हणून करार रद्द होत नाही. फक्त शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुराव्यात घेत नाहीत, आणि मनाईहुकूम तातडीने हवा असतो तेव्हा हा वेळ फार महाग पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठानेही डिसेंबर २०२३ मध्ये हाच भेद सांगितला : स्टँप नसणं हा भरून काढता येणारा दोष आहे.

स्टँपपेक्षा सही कुणाची आहे ते पाहा. नागपूरचा माणूस स्वतःच्या नावाने सही करतो आणि कारखाना भावाच्या फर्मचा निघतो, असं व्हायला नको. जी फर्म माहिती वापरणार तिचं नाव, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि तिच्याशी संलग्न संस्थाही बांधील असल्याचं वाक्य, एवढं हवंच.

तिसरा सल्ला तोंडी व्यवहाराचा असतो. ‘भेटीत बोललो तेही करारात आलंच की.’

करारांच्या तयार नमुन्यांत बहुधा एक कलम असतं : तोंडी दिलेली माहिती ठरावीक दिवसांत, पंधरा किंवा तीस म्हणा, लेखी कळवली तरच गोपनीय धरली जाईल. सही करताना हे कुणी वाचत नाही. मग कारखान्यात फिरताना बुडवण्याचं सगळं कोष्टक बोलता बोलता सांगून होतं, लेखी काही जात नाही आणि ते कलम आपल्यावरच उलटतं. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल पाठवावा : ‘आज भेटीत दाखवलेलं प्रक्रियेचं कोष्टक आणि जोडाचं रेखाचित्र आपल्या करारानुसार गोपनीय आहे.’ सहीच्या आधी जे बोलून झालं, ते आपोआप करारात येत नाही. त्यासाठी ‘यापूर्वी या चर्चेत दिलेली माहितीही’ असे शब्द घालून घ्यावे लागतात. समोरच्याच्या बाजूने ‘आम्हाला आधीच ठाऊक असलेली माहिती वगळून’ हा अपवाद असतोच, आणि तो रास्त आहे. फक्त ‘जिचा तारखेचा कागद दाखवता येईल अशी’ एवढी जोड मागावी.

‘सही केली की तो हा धंदाच करू शकणार नाही,’ असंही छातीठोक सांगितलं जातं. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे धंदा करण्यावरची बंदी सहसा टिकत नाही. नागपूरवाला उद्या बांबूच्या खुर्च्या खुशाल बनवू शकतो. तुमचं कोष्टक आणि तुमचे भाव तेवढे तो वापरू शकत नाही. तसंच ‘भंग झाल्यास दहा लाख’ असं लिहिलं म्हणून दहा लाख हाती पडत नाहीत. कलम ७४ नुसार तो आकडा ही वरची मर्यादा असते आणि तिच्या आत जे वाजवी वाटेल तेवढं कोर्ट देतं. म्हणून आकड्यापेक्षा कोर्ट कुठलं ते वाचा. समोरून आलेल्या मसुद्यात ‘फक्त दिल्ली’ असेल, तर वरोऱ्याच्या माणसाने तारखेला जायचं कसं? करार वरोऱ्यात झाला आणि माहिती इथेच दिली, तर ‘चंद्रपूर जिल्हा न्यायालय’ असं मागायला काही हरकत नाही.

मग ती जुनी अडचण येते : ‘आपल्यात कागद कायले?’ करार मागणं म्हणजे अविश्वास, असं आपल्याकडे धरतात. माझ्या मते मागण्याची वेळ चुकते म्हणून ते लागतं. चार भेटी, दोन जेवणं झाल्यावर कागद काढला की समोरच्याला वाटतं, आता काय झालं? पहिल्या फोननंतर लगेच पाठवलेला निरोप कुणाला खुपत नाही : ‘दादा, नमुना खुर्ची घेऊन मी येतोच. हिशेब आणि रेखाचित्रं दाखवण्याआधी दोन पानांचा गोपनीयता करार करू. तुमचे आकडे मी पाहीन, तेही त्यात राखले जातील.’ दोन्हीकडून बांधणारा करार मागितला की अर्धी अढी तिथेच सुटते. खुर्ची कशी दिसते, ती किती वजन पेलते, मागणी किती आहे, एवढ्यावर पहिली भेट सहज निभते. अर्थात, पेटंट किंवा डिझाइनचा अर्ज करायचा असेल तर तो या भेटीच्या आधी. बँक आणि मोठे गुंतवणूकदार बहुधा सही करत नाहीत. त्यात वाईट हेतू नसतो, त्यांच्याकडे असे शंभर प्रस्ताव येतात. त्यांना कोष्टक लागतही नाही, ताळेबंद लागतो.

एका ठिकाणी मात्र हा करार चुकीचं हत्यार आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या ग्रामसभांना २००९ पासून सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. बाहेरची कंपनी गावातल्या एखाद्या जाणत्या माणसापुढे एनडीए ठेवते आणि औषधी झाडपाल्याची माहिती मागते, तेव्हा ती माहिती त्या एकट्याची नसते आणि पिढ्यान्‌पिढ्या गावभर ठाऊक असल्याने करारातलं ‘गुपित’ही नसते. तिचं रक्षण जैवविविधता कायदा २००२ खाली होतं : परदेशी कंपनीला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. शिवाय ग्रामसभेत बोलायला बंदी घालणाऱ्या कागदावर गावाने सही करावी तरी कशी? निर्णय तर सभेतच व्हायचा असतो.

बोलणी फिसकटली, तर काय? आपल्या तरुणाचं समजा भावावरून जमलं नाही. नागपूरवाल्याला त्याने त्याच आठवड्यात मेल करायचा : चर्चा अमुक तारखेला थांबली, परिशिष्टातले चार कागद परत करावेत, फोनमधल्या प्रती काढून टाकाव्यात आणि तसं उत्तरात लिहावं. कागद ड्राइव्हवर दाखवले असतील, तर ती परवानगी स्वतः बंद करायची. कराराची मुदत तीन वर्षं असेल, तर भाव तोवर शिळे होतात, ते सोडून द्यायचे. बुडवण्याचं कोष्टक मात्र शिळं होत नाही, म्हणून त्याच्यापुरतं ‘ते सार्वजनिक होईपर्यंत’ असं सुरुवातीलाच लिहून घेतलेलं असावं. रिसॉर्टच्या साठ खुर्च्यांसाठी पुढचा माणूस गाठताना तोच दोन पानांचा मसुदा वापरायचा, फक्त नवं नाव आणि नवी तारीख घालून.