शेवटची संख्या झाकून उत्तर देऊ नका

एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात ५० प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेसुद्धा मिळत नाहीत. अशा घाईत एक समीकरण समोर येते आणि विचारले जाते की ही कोणती आकृती? पर्याय चार: वर्तुळ, इलिप्स म्हणजे लंबवर्तुळ, हायपरबोला, आणि चौथा बहुतेकांच्या नजरेतून निसटणारा, ‘एक बिंदू’ किंवा ‘रेषांची जोडी’.

मुले काय करतात, तर x² आणि y² यांचे सहगुणक पाहतात. दोन्ही सारखे असले तर वर्तुळ, चिन्ह एकच पण संख्या वेगळ्या असल्या तर इलिप्स, चिन्हे विरुद्ध असली तर हायपरबोला, आणि दोहोंपैकी एकच वर्ग असला तर पॅराबोला. समीकरणात xy चे पद नसेल तर ही रीत चुकीची नाही, पण अर्धवट आहे. तिच्यातून आकृतीचे घराणे कळते. त्या घराण्यातली प्रत्यक्ष आकृती कोणती, आणि मुळात ती आहे की नाही, हे ठरवते सगळ्यात शेवटी बसलेली, x किंवा y नसलेली संख्या.

उदाहरणच घेऊ.

4x² + 9y² − 16x + 54y + 61 = 0

4 आणि 9, दोन्ही धन. इलिप्स म्हणून मोकळे व्हावेसे वाटते. तसे न करता पूर्ण वर्ग करू. x ची पदे एकत्र घेतली की 4(x² − 4x) मिळते. कंसात 4 मिळवले की (x − 2)² तयार होतो, पण बाहेरचा 4 लक्षात घेता आपण प्रत्यक्षात 16 मिळवलेले असतात. तसेच 9(y² + 6y) मध्ये 9 मिळवले की (y + 3)², आणि खरी भर पडते 81 ची. चूक नेमकी इथेच होते: कंसात मिळवलेली संख्या बाहेरच्या सहगुणकाने न गुणताच उजवीकडे लिहिली जाते. नीट लिहिले तर उजवीकडे 16 + 81 − 61, म्हणजे 36 उरतात.

4(x − 2)² + 9(y + 3)² = 36

36 ने भागले की x कडे छेद 9 आणि y कडे 4 येतो. केंद्र (2, −3), आडवा पसरलेला इलिप्स. इथवर घाई करणाऱ्याचेही उत्तर बरोबर आले.

आता बाकी सगळे तसेच ठेवून 61 च्या जागी 97 लिहा. उजवीकडे शून्य येते. दोन वर्गांची धन पटीतली बेरीज शून्य व्हायची तर दोन्ही वर्ग शून्यच हवेत. म्हणून उरतो फक्त (2, −3) हा एक बिंदू. 97 चे 100 केले तर उजवीकडे −3 येतात आणि अशी बेरीज ऋण होऊच शकत नाही, त्यामुळे आलेखावर काहीच उमटत नाही. पहिली चार पदे तिन्ही वेळा तीच आहेत, त्यामुळे पाठ केलेला नियम तिन्ही वेळा ‘इलिप्स’च सांगेल.

चिन्हे विरुद्ध असली की निराळीच गंमत घडते. 4x² − 9y² − 16x − 54y − 65 = 0 याचे रूप 4(x − 2)² − 9(y + 3)² = 0 असे होते. डावी बाजू वर्गांची वजाबाकी असल्याने तिचे दोन अवयव पडतात आणि (2, −3) मध्ये छेदणाऱ्या दोन सरळ रेषा मिळतात. त्याच −65 च्या जागी −101 असते तर उजवीकडे 36 येऊन खरा हायपरबोला मिळाला असता.

xy चे पद आले की मात्र पहिली रीत बाजूला ठेवायची. √x + √y = 1 घ्या. मुळे घालवण्यासाठी दोनदा वर्ग केला की मिळते:

x² − 2xy + y² − 2x − 2y + 1 = 0

x² आणि y² चे सहगुणक सारखे पाहून ‘वर्तुळ’वर खूण करणारे पुष्कळ सापडतील. पण वर्तुळाच्या समीकरणात xy चालत नाही. अशा वेळी xy च्या सहगुणकाचा निम्मा h, आणि x², y² चे सहगुणक a, b धरून h² − ab काढायचे. ऋण आले तर इलिप्सचे घराणे (वर्तुळ त्यातलेच), धन आले तर हायपरबोलाचे, शून्य आले तर पॅराबोलाचे. इथे h = −1, म्हणून 1 − 1 = 0. पण समांतर रेषांची जोडीही याच घराण्यात येते, तेव्हा तीही शंका फेडायला हवी. समीकरण (x − y)² = 2(x + y) − 1 असे लिहिता येते. डावीकडच्या वर्गात x − y आहे आणि उजवीकडे x + y एकपदरी उरले आहे, म्हणून हा खरा पॅराबोला, तिरका बसलेला. मूळ समीकरणात मात्र त्याचा (1, 0) ते (0, 1) एवढाच तुकडा येतो, कारण त्यापुढच्या बिंदूंवर √x आणि √y यांची बेरीज 1 होत नाही, त्यांच्यातला फरक 1 होतो. म्हणून पर्यायांत ‘पॅराबोला’ आणि ‘पॅराबोलाचा भाग’ दोन्ही दिले असतील, तर खूण दुसऱ्यावर.