कच्चा बटाटा, उकडलेला बटाटा आणि एक टेकाड

औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड दोन वाट्यांत थोडं थोडं ओता. एकीत कच्च्या बटाट्याची फोड टाका, दुसरीत उकडलेल्याची. कच्च्या फोडीभोवती लगेच फेस धरतो. उकडलेली फोड नुसती पडून राहते. दहावी-बारावीच्या रसायनशास्त्रात टेकाडासारखी एक वक्ररेषा काढायला लावतात, ती या दोन वाट्यांवरून जितकी नीट कळते तितकी फळ्यावरून कळत नाही, असं माझं मत आहे.

पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होतो. त्यात दर मोलमागे, म्हणजे ३४ ग्रॅम शुद्ध पेरॉक्साइडमागे, सुमारे ९८ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. म्हणून आकृतीत डावीकडे पेरॉक्साइड उंचावर असतं आणि उजवीकडे पाणी-ऑक्सिजन ९८ने खाली. उतार एवढा मोठा, तरी बाटली महिनोन्‌महिने शांत राहते, कारण मध्ये टेकाड आहे. जुने बंध ताणून तुटण्याच्या बेताला आणायचे तर आधी ऊर्जा लागते. डावीकडच्या पातळीपासून माथ्यापर्यंतची ही चढण म्हणजे सक्रियण ऊर्जा. पेरॉक्साइडसाठी ती सुमारे ७५ किलोज्यूल आहे. उंची तळाच्या आडव्या रेषेपासून मोजायची नाही. परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथेच.

आडव्या रेषेवर वेळ असतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तिथे रेणूंची वाटचाल असते: बंध किती ताणले, अणूंची मांडणी किती बदलली. माथ्यावरची अर्धवट तुटलेली, अर्धवट जुळलेली अवस्था क्षणभरही टिकत नाही. ती बाटलीत भरून ठेवता येत नाही.

७५ म्हणजे किती अवघड? २५ अंश तापमानाला एवढी ऊर्जा अंगी असणारा रेणू ढोबळमानाने १४ लाख कोटींमागे एक. आता पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड टाका. चढण सुमारे ५६वर येते आणि तेच प्रमाण साडेसहाशे कोटींमागे एक होतं. चढण पाव भागानेच कमी झाली, पण ती पार करू शकणारे दोन हजार पटींनी वाढले. कच्च्या बटाट्यात, आणि आपल्या रक्तातही, कॅटॅलेज नावाचं विकर असतं. त्याच्या वाटेवरची चढण पुस्तकांत २३च्या आसपास दिलेली आढळते. जखमेवर पेरॉक्साइड फसफसतं ते याचमुळे.

उत्प्रेरक डोंगर खोदून बुटका करतो, असं शिकवताना हमखास म्हटलं जातं. मला ते खटकतं. जुना डोंगर होता तिथेच असतो. उत्प्रेरक दुसऱ्या गावावरून जाणारी वाट काढून देतो. आयोडाइड आधी पेरॉक्साइडकडून एक ऑक्सिजन घेतं आणि हायपोआयोडाइट बनतं. मग हे हायपोआयोडाइट पेरॉक्साइडच्या दुसऱ्या रेणूशी भिडतं, ऑक्सिजन वायू सुटतो आणि आयोडाइड जसंच्या तसं परत मिळतं. म्हणून खरी आकृती काढायची तर एक बुटकं टेकाड पुरत नाही. दोन टेकाडं हवीत आणि मधल्या खळग्यात हायपोआयोडाइट. पहिलं टेकाड उंच, आणि सगळा वेग त्याच्या चढणीवर ठरतो.

दोन्ही वाटांची टोकं मात्र तीच राहतात. बाहेर पडणारी उष्णता तेवढीच, ९८. उत्प्रेरक टाकल्यावर भांडं हाताला गरम लागतं, कारण तीच उष्णता आता झटक्यात सुटते.

टेकाड कोणी पाहिलेलं नसतं, मग उंची कळते कशी? वेगवेगळ्या तापमानांना मिनिटाला किती ऑक्सिजन जमतो ते मोजून. स्वांते अऱ्हेनियसने १८८९मध्ये या हिशेबाला पाया दिला. तापमान २५वरून ३५ अंशांवर नेलं, तर ५६ची चढण असताना वेग जेमतेम दुप्पट होतो आणि ७५ची असताना पावणेतीन पटींच्या जवळ जातो. चढण जितकी मोठी, तितका उष्णतेचा परिणाम जास्त. कॅटॅलेजच्या बाबतीत हा हिशेब एका मर्यादेपर्यंतच चालतो. फार तापवलं की या प्रथिनाची घडी विस्कटते, वाटच बंद होते आणि वेग कोसळतो. उकडलेल्या बटाट्याचं झालं ते हेच.

त्या गप्प वाटीत थोडं पोटॅशियम आयोडाइड टाकून पाहा. बुडबुडे सुरू होतात, आणि बटाटा हळूहळू निळा-काळा पडायला लागतो. थोड्या आयोडाइडचं वाटेत आयोडीन झालं, आणि ते फोडीतल्या पिष्टाला सापडलं.