कमी राखेचं ऑइल आणि गॅसवरची टॅक्सी

सीएनजीवर चालणाऱ्या टॅक्सीचं ऑइल बदलायला काढलं, तर ते बऱ्याचदा मधासारखं पिवळसर दिसतं. मग चालकाला वाटतं, अजून दोन हजार किलोमीटर सहज जातील. हा रंगच फसवतो. गॅस जळताना काजळी फारशी होत नाही, म्हणून ऑइल काळं पडत नाही. पण ज्वलनाच्या उष्णतेत तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड ऑइलमध्ये मिसळतात. त्यांनी ऑइल दाट होतं, आम्ल वाढतं आणि पिस्टनवर तपकिरी लेप बसतो. त्यात मुंबईची टॅक्सी सिग्नलला आणि रांगेत तासन्‌तास चालू इंजिनावर उभी राहते. ते तास किलोमीटरच्या आकड्यात येत नाहीत.

हे आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची द्रव्यं घातलेली असतात आणि झीज रोखायला जस्ताचं द्रव्य. ऑइल जळलं की या धातूंची राख उरते. ती पिस्टनच्या माथ्यावर आणि स्पार्क प्लगवर साचते, तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच गॅस पेटवते. चढावर इंजिन ठोकायला लागतं. कमी राखेच्या ऑइलमध्ये ही धातूची द्रव्यं कमी असतात. बाकी जादू काही नाही.

राख होते ती जळलेल्या ऑइलचीच, डब्यातल्या सगळ्या ऑइलची नाही. समजा, चांगलं इंजिन हजार किलोमीटरला २० मिलिलिटर ऑइल खातं. दहा हजार किलोमीटरला २०० मिलिलिटर, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम. ऑइलमध्ये १ टक्का राख असेल तर १.७ ग्रॅम होईल. आता झिजलेलं इंजिन घ्या, जे हजारला १०० मिलिलिटर खातं. त्यात अर्ध्या टक्क्याचं महागडं ऑइल घातलं तरी सव्वाचार ग्रॅम राख होणार. म्हणून मला आधी रिंगा आणि व्हॉल्व्हचे सील तपासणं शहाणपणाचं वाटतं. डिपस्टिकवरची पातळी दर आठवड्याला पाहिली तरी इंजिन ऑइल खातंय का, ते कळतं. प्लगवर पांढुरकी, टणक खपली दिसली तर ती राखेची खूण.

कमीत कमी राख म्हणजे उत्तम, असंही नाही. आम्ल मारणारी द्रव्यं कमी झाली की ऑइल लवकर थकू शकतं. तेव्हा कमी राखेच्या डब्याच्या भरवशावर बदलाची मुदत लांबवू नये. शिवाय गॅस कोरडा असतो. द्रवरूप पेट्रोलसारखा ओलावा व्हॉल्व्हच्या बैठकीला मिळत नाही. राखेचा पातळ थर तिथे थोडं संरक्षण देतो. म्हणूनच मोठ्या गॅस इंजिनांच्या ऑइलमध्येही राख शून्यावर आणत नाहीत, बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास ठेवतात.

टॅक्सीला कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं, पेट्रोल इंजिनाचंच चांगलं ऑइल बहुधा पुरतं. जास्त राखेचं डिझेलचं जाड ऑइल ‘टिकतं’ म्हणून घालणं मात्र टाळावं. आणि टॅपेटची फट पुन्हा पुन्हा कमी भरत असेल, सकाळी इंजिन उठायला कुरकुरत असेल, तर व्हॉल्व्हची बैठक खचत असण्याची शक्यता आहे. तिथे ऑइल बदलून भागत नाही. हेड उघडून कठीण धातूची बैठक बसवावी लागते.