जडीबुटीमुळे रक्तातील औषध कमी-जास्त का होते?

- एन्झाइम: यकृत आणि आतड्यातले सीवायपी३ए४ अनेक औषधांचे विघटन करते.
- वाहक प्रथिन: पी-ग्लायकोप्रोटीन आतड्याच्या पेशीत शिरलेले औषध पुन्हा आतड्याच्या पोकळीत ढकलते.
- पातळी घटते: नैराश्यावर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती या दोन्हींचे प्रमाण वाढवते. झुरिकमध्ये हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांची नोंद २००० साली प्रसिद्ध झाली. वनस्पती सुरू केल्यावर त्यांच्या रक्तातले अवयव-नकार रोखणारे औषध सायक्लोस्पोरिन घटले आणि शरीर नवे हृदय नाकारू लागले. ती थांबवल्यावर पातळी सावरली.
- ओसरण्याचा काळ: वनस्पती बंद केल्यावरही परिणाम सुमारे दोन आठवडे राहतो.
- पातळी वाढते: मिरीतले पायपरिन याउलट दोन्हींना रोखते. अपस्मारावरील फेनिटॉइनची पातळी पायपरिनमुळे वाढल्याचे आढळले आहे.