शुगरच्या रुग्णाने खिशात कार्ड ठेवावे. तो कोसळला तर शेजाऱ्यांनी काय करायचे?

सकाळी इन्सुलिन घेतले, पण न्याहारी न करताच माणूस कांदा काढायला गेला. अकराच्या सुमारास त्याला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते. बघणाऱ्याला वाटते, प्यायलाय. खरे तर त्याची शुगर एकदम उतरलेली असते.

खिशात कार्ड असले तर हे लगेच कळते. मोबाईलला लॉक असते, कार्डाला नाही. साध्या पुठ्ठ्यावर ‘मला मधुमेह आहे’ असे ठळक लिहा. खाली नाव, इन्सुलिन किंवा गोळ्यांची नावे, घरच्यांचा आणि डॉक्टरांचा नंबर टाका.

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर चहाचे तीन चमचे साखर अर्धा ग्लास पाण्यात विरघळवून पाजा. १५ मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढीच द्या. बरे वाटले की भाकरी खाऊ घाला, नाहीतर शुगर परत उतरते.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊन माणूस गुदमरतो. त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि आलेल्या डॉक्टरांना कार्ड दाखवा. इन्सुलिन मात्र कोणीही टोचू नये. उतरलेली शुगर त्याने आणखी खाली जाते.